डिसेंबर खरंच तेजीचा महिना असतो का? मार्केटचा ‘सीझन’ तपासायचा कसा

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक तक्ता पाठवला. तुम्हीही असा पाहिला असेल, आडवे बारा महिने, उभी वीस वर्षं, निफ्टी वर गेला तर चौकोन हिरवा, खाली आला तर लाल. आणि खाली लिहिलेलं, हा अमुक महिना २० पैकी १५ वर्षं हिरवा, म्हणजे डोळे झाकून घ्या. काकांनी मला विचारलं, घालू का पैसे? आता ते रिटायरमेंटचे पैसे आहेत, त्यामुळे मी नीट बसून उत्तर काढलं, तेच आज तुमच्यासमोर मांडतो.

२० पैकी १५ ऐकायला दणदणीत वाटतं. आपल्या डोक्यात लगेच नाणं येतं, नाणं वीस वेळा उडवलं तर १५ किंवा जास्त छापे पडायची शक्यता फक्त २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे योगायोग नाही, काहीतरी आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे दोन गोष्टी सुटतात.

पहिली, मार्केट हे सरळ नाणं नाहीच. शेअर बाजार लांबच्या काळात वर जात आलाय, त्यामुळे कुठलाही महिना घेतला तरी तो हिरवा असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हिशोबासाठी ६० टक्के धरूया. हा मी धरलेला आकडा आहे, तुम्ही तुमच्या डेटातून सगळ्या महिन्यांचा मिळून काढा. आता ६० टक्के धरल्यावर २० पैकी १५ किंवा जास्त यायची शक्यता २ वरून थेट साडेबारा टक्क्यांवर जाते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो महिना काकांनी आधी ठरवला नव्हता, तक्ता बनवणाऱ्याने बारा महिने पाहिले आणि त्यातला सगळ्यात हिरवा उचलून दाखवला. तेव्हा प्रश्न ‘या महिन्याला १५ मिळतील का’ हा नाहीच, प्रश्न आहे ‘बारापैकी कुठल्यातरी एकाला १५ मिळतील का’. त्याचं उत्तर असं काढायचं: एका महिन्याला १५ न मिळायची शक्यता साडेसत्त्याऐंशी टक्के, म्हणजे ०.८७५, ती बारा वेळा स्वतःशी गुणायची, येतात साधारण ०.२०. म्हणजे एकाही महिन्याला १५ न मिळायची शक्यता फक्त २० टक्के. उरलेल्या ८० टक्के वेळा, बाजारात कुठलाही सीझन नसताना, सगळे महिने अगदी एकसारखे असताना, असा एक तरी ‘दणदणीत’ महिना तक्त्यात दिसणारच! मग किती हिरवे हवेत? याच हिशोबात १७ आले तरी योगायोगाची शक्यता साडेसतरा टक्के राहते, १८ आले तर ती ४ टक्क्यांवर येते, तिथून पुढे मी लक्ष देईन.

आता वारांचं. ‘सोमवारी बाजार पडतो’ हे तर सगळ्यांनी ऐकलंय, आणि इथे फक्त हिरवा-लाल मोजून चालत नाही, किती टक्के हलला तेही बघावं लागतं. त्यासाठी मला आवडणारी पद्धत म्हणजे चिठ्ठ्या पिसणे. रोजचा परतावा एका कागदावर, त्याचा वार दुसऱ्या चिठ्ठीवर. प्रत्येक वाराची सरासरी काढा आणि सगळ्यात चांगला वार व सगळ्यात वाईट वार यांतलं अंतर लिहून ठेवा. मग वारांच्या चिठ्ठ्या पिसा, कुठल्याही दिवसाला कुठलाही वार लावा, पुन्हा तेच अंतर काढा, असं पाच हजार वेळा. पिसलेल्या डेटात वाराला काही अर्थच उरलेला नसतो, तेव्हा तिथे येणारं अंतर निव्वळ योगायोगाचं. तुमचं खरं अंतर त्या पाच हजारांत कुठे बसतं ते बघायचं. कोड स्क्रीनवर आहे, `r` म्हणजे रोजचे परतावे, `d` म्हणजे वार, सोमवार ० ते शुक्रवार ४:

```python
import numpy as np

def gap(r, d):
    m = [r[d == k].mean() for k in range(5)]
    return max(m) - min(m)

real = gap(r, d)
sim = [gap(r, np.random.permutation(d)) for _ in range(5000)]
print(np.mean(np.array(sim) >= real))
```

शेवटी ०.३० आलं तर समजा की पिसलेल्या डेटातही दर दहात तीनदा इतकं किंवा याहून मोठं अंतर येतं, म्हणजे तुमच्या हातात काही नाही. आणि यात ‘पाचपैकी सगळ्यात वाईट वार निवडला’ हा घोळ आपोआप धरला जातो, कारण प्रत्येक पिसलेल्या डेटातही आपण तसाच निवडतो. शनिवार-रविवारची मुहूर्ताची किंवा बजेटची सत्रं आधी काढून टाका. आणि जमलं तर चिठ्ठ्या त्या त्या आठवड्यातच पिसा, कारण गोंधळाचे आठवडे सलग येतात.

एक धोका यातही राहतो, तो म्हणजे एकटा राक्षसी दिवस. २३ मार्च २०२० ला निफ्टी जवळपास १३ टक्के पडला, आणि तो सोमवार होता. वर्षात सोमवार धरा ५०, तर त्या एका दिवसाने त्या वर्षाच्या सोमवारची सरासरी पाव टक्क्याहून जास्त खाली ओढली. मार्च महिन्याचंही तेच, त्या मार्चमध्ये निफ्टी साधारण २३ टक्के घसरला, म्हणजे वीस वर्षांच्या सरासरीतून एकट्या त्या वर्षाने एक टक्क्याहून जास्त खाल्लं. म्हणून तो एक दिवस काढून पुन्हा हिशोब करा. पॅटर्न गायब झाला तर तो वाराचा नव्हता, त्या दिवसाचा होता.

मग सोमवारचं सगळं खोटं का? नाही, आणि हा भाग मला सगळ्यात विचार करायला लावतो. केनेथ फ्रेंच यांनी १९८० मध्ये अमेरिकेच्या एस अँड पी निर्देशांकाचा १९५३ ते १९७७ चा डेटा तपासला. शनिवार-रविवार धरून सोमवारपर्यंत तीन दिवस जातात, तर परतावा इतर वारांच्या तिप्पट यायला हवा, निदान त्यांच्याइतका तरी. निघालं उलटंच, सोमवारची सरासरी वजा, साधारण ०.१७ टक्के घट, बाकी चारही वार अधिक. आणि मुख्य म्हणजे त्यांनी पंचवीस वर्षांचे पाच-पाच वर्षांचे तुकडे केले, पाचही तुकड्यांत सोमवार वजाच! योगायोग असा पाच वेळा एकाच वारावर येऊन बसणं फार अवघड आहे. तरीही पुढे, ऐंशीच्या दशकानंतर, मोठ्या कंपन्यांच्या शेअर्समधून हा परिणाम विरून गेला. खरा होता पण लोकांनी ओळखल्यावर संपला, की कारणच बदललं, यावर अजून वाद आहे.

आणि दुसरी बाजूही आहे. २००१ मध्ये सलिवन, टिमरमन आणि व्हाइट या तिघांनी डाऊ निर्देशांकाचा शंभर वर्षांचा डेटा घेतला, आणि वार, महिना, सुट्टीच्या आधीचा दिवस, असे जवळपास साडेनऊ हजार कॅलेंडर नियम त्यावर चालवून पाहिले. सगळ्यात चांगला नियम एकटा बघितला तर एकदम पक्का वाटायचा, पण तो साडेनऊ हजारांतून निवडलाय हे हिशोबात धरलं की पक्का राहिला नाही. काकांच्या बारा महिन्यांचीच गोष्ट, फक्त जवळपास आठशेपट मोठी.

तर काकांना मी एवढंच सांगितलं की तक्त्याची पहिली दहा वर्षं घ्या, उरलेली दहा कागदाने झाका, त्यातून सगळ्यात चांगला महिना निवडा आणि मग कागद उचला. त्यांनी समोरच करून पाहिलं. पहिल्या दहात पहिला आलेला महिना पुढच्या दहात सातव्या नंबरला होता. पैसे त्यांनी अजून एफडीतच ठेवलेत.