जी-सेक पूर्ण घेता, वर कंट्री रिस्क पण लावता?

राम राम मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तेच, "भाऊ, भारतात रिस्क-फ्री रेट कोणता घ्यायचा". सूत्र सगळ्यांना पाठ आहे, रिस्क-फ्री अधिक बीटा गुणिले प्रीमियम, त्यात वेळ घालवत नाही. कॅश फ्लो रुपयात तर रेटही रुपयातला. अमेरिकन ट्रेझरीचा रेट उचलून रावेरच्या केळी चिप्सच्या कारखान्याला लावू नका, रुपयाची महागाई त्यात नसते. झालं.

आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट. एकाने शीट पाठवली. 10 वर्षांचा जी-सेक 6.8 टक्के, तो अख्खा रिस्क-फ्री. प्रीमियममध्ये विकसित बाजाराचे 4.5 आणि वर कंट्री रिस्कचे 3. बीटा 1, एकूण 14.3. दिसायला चोख. पण त्या 6.8 मध्ये सरकार बुडायची भीती आधीच बसलेली आहे ना! रेटिंगवरून तो डिफॉल्ट स्प्रेड समजा 2 टक्के धरला. शेअर बाँडपेक्षा जास्त हलतात म्हणून याच 2 ला दीडने गुणून ते 3 आलेत. म्हणजे तोच धोका खालीही आणि वरही. जी-सेकमधून 2 काढा, रिस्क-फ्री 4.8, त्यात 7.5 मिळवा, 12.3.

"दोन टक्क्यांनी काय होतंय", अशीही कमेंट असते. पुढच्या वर्षी मालकाच्या हातात 1 कोटी, नंतर कायम 4 टक्के वाढ. 14.3 ने किंमत 9.7 कोटी, 12.3 ने 12 कोटी. कारखाना तोच, मशीन तेच, सव्वादोन कोटी गायब!

आणि बीटा 0.6 असला तरी रिस्क-फ्रीमधले ते जादा 2 कमी होत नाहीत, बीटा तर फक्त प्रीमियमला लागतो. म्हणजे कमी जोखमीच्या धंद्यालाच ही चूक जास्त टोचते.

धुळ्याच्या एका भाऊने अहिराणीत विचारलंय, "सरकार तं रुपया सोता छापस, मंग बुडी कसं?" प्रश्न भारी आहे. पण रशियाने 1998 मध्ये स्वतःच्या रुबलमधल्याच रोख्यांचे पैसे थांबवले होते, छापखाना असून. तरीही तुम्हाला हे पटत नसेल आणि जी-सेक अख्खाच ठेवायचा असेल तर ठेवा, मग प्रीमियम सेन्सेक्सने जी-सेकपेक्षा वर्षानुवर्षं किती जास्त दिलं त्यावरून काढा आणि कंट्री रिस्कची ओळ शीटमधून उडवा, कारण भारताची जोखीम त्या फरकात आलेली असते. मी हा रस्ता घेत नाही. बाजाराचा चढउतार वर्षाला 25 टक्के धरला तर 40 वर्षांची सरासरी काढूनही आकडा चार-चार टक्के वरखाली असू शकतो, आणि अशा आकड्यावर बँकेसमोर बसायची माझी तयारी नाही.