रिफ्लक्सच्या बाळाचं रात्रीचं औषध: किती द्यायचं आणि कधीपर्यंत

आज फक्त एका औषधाबद्दल बोलणार आहे. लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते, म्हणजे ज्याला आपण रिफ्लक्स म्हणतो, त्या बाळांना रोज रात्री थोडंसं अँटिबायोटिक सुरू असतं. समोर बसलेल्या बऱ्याच आईवडिलांच्या घरी ती बाटली फ्रीजच्या दारात असेल.

आधी हे औषध काय करत नाही ते सांगतो, कारण निम्मे गैरसमज तिथून सुरू होतात. ते रिफ्लक्स बरा करत नाही. किडनीतून लघवी आणणारी नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. या बाळांत तो तिरका भाग आखूड असतो, म्हणून मूत्राशय भरलं की तो दाबून बंद होत नाही. मूल वाढतं तसा तो लांबतो आणि बऱ्याच मुलांत, विशेषतः पाच श्रेणींपैकी सौम्य अशा पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत, रिफ्लक्स आपोआप जातो. ते वाढीचं काम. औषधाचं काम एवढंच, की तोवर मूत्राशयातली लघवी जंतूंपासून शक्य तितकी मोकळी राहावी.

म्हणूनच मात्रा लहान असते. ट्रायमेथोप्रिम, नायट्रोफ्युरँटोइन, सेफालेक्सिन ही औषधं किडनीतून बाहेर पडताना लघवीत साठतात. रक्तात ती थोडी असली तरी लघवीत पुरेशी असतात. शिवाय कमी मात्रेने आतड्यातल्या जंतूंना कमी धक्का बसतो, आणि लघवीत शिरणारे जंतू बहुधा तिथूनच येतात.

रात्रीच का, असं नेहमी विचारतात. खरं सांगायचं तर हे कारण मोठ्या मुलांचं आहे. ज्याला लघवी धरता येते ते मूल रात्रभर लघवी करत नाही, ती मूत्राशयात साचते आणि जंतूंना वेळ मिळतो. दोन महिन्यांचं बाळ तर रात्रीही अनेकदा लघवी करतं. त्याच्या बाबतीत रात्रीची वेळ मुख्यतः सवयीसाठी असते: रोज एकच वेळ, म्हणजे डोस चुकत नाही. एखाद्या रात्री राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचाच डोस द्या.

आता मात्रा. एक उदाहरण घेऊ. मुलगी अडीच महिन्यांची, वजन 5 किलो. जोराचा ताप आला, लघवीतले जंतू वाढवून पाहतात त्या कल्चर तपासणीत ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला. उपचारानंतर एमसीयू तपासणीत, म्हणजे मूत्राशयात नळीने रंगद्रव्य भरून काढलेल्या एक्स-रेत, उजव्या बाजूला चौथ्या श्रेणीचा रिफ्लक्स दिसला. तीन महिन्यांच्या आत सल्फा असलेली औषधं आणि नायट्रोफ्युरँटोइन आम्ही टाळतो. सल्फाने नवजात बाळाची कावीळ धोकादायक होऊ शकते, आणि दोन्हींनी एवढ्या लहान बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून तिला सेफालेक्सिन, किलोमागे 10 मिलिग्रॅम. म्हणजे 50 मिलिग्रॅम. सिरपच्या 5 मिलित 125 मिलिग्रॅम असतील, तर रोज रात्री 2 मिलि. उपचाराचा दिवसभराचा डोस याच्या पाचेक पट असतो.

चौथ्या महिन्यात वजन 6 किलो झालं आणि कोट्रायमॉक्सॅझोल सुरू केलं. इथे चूक हमखास होते. या सिरपमध्ये दोन औषधं असतात, 5 मिलित 40 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि 200 मिलिग्रॅम सल्फामेथॉक्सॅझोल. किलोमागे 2 मिलिग्रॅम हा हिशेब फक्त ट्रायमेथोप्रिमचा. सहा किलोला 12 मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिलि. कोणी दोन्ही औषधांची बेरीज धरून हिशेब केला तर पाव मिलि येतो, आणि बाळ महिनोन्‌महिने सहावा हिस्सा औषध घेत राहतं. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलि दोन्ही लिहून मागा. औषध सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. घरातले चमचे सारखे नसतात.

दुसरी चूक शांतपणे होते: बाळ वाढतं आणि डोस तिथेच राहतो. हीच मुलगी वर्षाची होताना 9 किलोची झाली. दीड मिलि तसंच ठेवलं असतं तर किलोमागे 1.3 मिलिग्रॅमच पडलं असतं. आम्ही सव्वादोन मिलि केलं. लसीच्या प्रत्येक वेळी वजन होतंच, तेव्हाच डोस तपासून घ्यावा. अंगावर पुरळ आलं तर मात्र औषध थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या मुलांना ही दोन्ही औषधं, कोट्रायमॉक्सॅझोल आणि नायट्रोफ्युरँटोइन, चालत नाहीत.

पुढे पंधराव्या महिन्यात तिला ताप आला, सर्दी-खोकला काही नाही. आजीने सुचवलं, आज औषध जरा जास्त द्या. हे करू नये. रोज औषध असताना जो जंतू वाढला, तो बहुधा त्याच औषधाला दाद न देणारा असतो. नळीने लघवी घेऊन कल्चर करायचं (चिकट पिशवीतला नमुना बऱ्याचदा कातडीवरच्या जंतूंनी बिघडतो) आणि वेगळं औषध पूर्ण मात्रेत सुरू करायचं. तिच्या कल्चरमध्ये जंतू कोट्रायमॉक्सॅझोलला दाद न देणाराच निघाला. उपचार झाल्यावर रात्रीचं औषध बदलून नायट्रोफ्युरँटोइन दिलं. असं पुन्हा झालं असतं तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता.

मग एवढा खटाटोप करून मिळतं काय? 2014 साली अमेरिकेतल्या ‘रिव्हर’ चाचणीत सहाशेवर मुलांना दोन वर्षं औषध किंवा नुसतं गोड पाणी दिलं. औषधाने पुन्हा होणारे संसर्ग निम्मे झाले, पण किडनीवरचे व्रण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. आणि औषध घेणाऱ्यांत ई. कोलायचा संसर्ग झालाच, तर 63 टक्के वेळा तो दाद न देणारा होता. दुसऱ्या गटात 19 टक्के. 2023 साली युरोपातल्या ‘प्रेडिक्ट’ चाचणीत आधी कधीच संसर्ग न झालेली, तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीची तान्ही बाळं घेतली. दोन वर्षांत औषधाविना 36 टक्के बाळांना पहिला संसर्ग झाला, औषधासह 21 टक्क्यांना. म्हणजे सात बाळांना दोन वर्षं औषध दिलं तर एकाचा संसर्ग टळतो. व्रणांत इथेही फरक नाही. म्हणून संसर्ग न झालेल्या, कमी श्रेणीच्या बाळाला मी सहसा औषध सुरूच करत नाही. तापासह संसर्ग झालेल्या वरच्या श्रेणीच्या बाळाला देतो, कारण तो ताप आणि इस्पितळातले दिवस टळणं हाही फायदाच आहे.

आता थांबवायचं कधी? पूर्वी भारतात वरच्या श्रेणीसाठी पाच वर्षांपर्यंत देत. आता वयाच्या आकड्याला आम्ही चिकटत नाही. मूल दोन वर्षांपुढचं आहे, शी-शू सांगून करायची सवय लागली आहे, बद्धकोष्ठता नाही, लघवी दाबून धरण्याची खोड नाही आणि वर्षभरात संसर्ग नाही, एवढं असेल तर थांबवता येतं, रिफ्लक्स अजून असला तरी. त्यासाठी पुन्हा एमसीयू करायलाच हवी असं नाही. बद्धकोष्ठतेवर मी अडून बसतो, कारण घट्ट शौचाने मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि तेच संसर्गाचं मोठं कारण ठरतं.

त्या मुलीचं औषध पावणेतीन वर्षांची असताना बंद केलं. पुढे कारण न कळणारा ताप आला, तर अँटिबायोटिक देण्याआधी त्याच दिवशी लघवीची तपासणी आणि कल्चर करायचं, असं तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे.