सत्तावीस आणि दोन पूर्णांक सात

मागच्या डिसेंबरात माझ्या भाचीनं मला रात्री एक फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती घरच्या पाच जणांना आणि भरपूर सामान घेऊन पुण्याहून गुहागरला निघणार होती. टायरची हवा मोजायचा घड्याळासारखा गेज तिनं नवा घेतला होता, तो मागच्या चाकाला लावून फोटो काढला होता. खाली लिहिलं होतं, "मामा, स्टिकरवर पाच माणसं आणि सामान असेल तर मागे २.७ लिहिलंय. काटा बरोबर २७ वर आहे. म्हणजे ठीक ना?"

मी लगेच फोन केला आणि म्हटलं, "या हवेवर निघू नकोस." त्या एका फोटोत काय काय दिसत होतं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. तिनं केलेली चूक फार सहज होणारी आहे. २.७ आणि २७ शेजारी ठेवले की मधला ठिपका कुणीतरी विसरलं असेल असंच वाटतं. पण ते आकडे दोन वेगवेगळ्या मापांचे होते. स्टिकरवरचा २.७ हा बार होता आणि काट्याखालचा २७ होता पाउंड, म्हणजे एका चौरस इंचावर किती पाउंडांचा दाब आहे ते. तबकडीवर त्याला psi लिहिलेलं असतं.

आधी फोटो वाचू. तबकडीवर दोन गोल पट्ट्या होत्या. बाहेरची काळी, शून्यापासून साठपर्यंत. आतली लाल, शून्यापासून चारच्या थोडं पुढेपर्यंत. काटा मात्र एकच. तो एकाच वेळी दोन्ही पट्ट्यांवर काहीतरी सांगत असतो आणि दोन्हीकडचं म्हणणं एकच असायला हवं. म्हणून फोटो पाहताना मी आधी आकडा वाचत नाही, कोणत्या रंगाच्या पट्टीला कोणतं माप लिहिलंय ते शोधतो. ते बहुतेक मधोमध, काट्याच्या खिळ्याच्या खाली बारीक अक्षरात असतं. फोटो बोटांनी मोठा केला की दिसतं.

मग दोन मोठ्या आकड्यांच्या मधली घरं मोजायची. वीस आणि तीसच्या मध्ये पाच घरं होती, म्हणजे एक घर दोन पाउंडांचं. इथेही लोक फसतात. एक घर म्हणजे एक असं धरलं तर वीसच्या पुढे साडेतीन घरं म्हणजे साडेतेवीस होतील. खरं तर ते वीस अधिक सात, सत्तावीस. आतल्या लाल पट्टीवर एक आणि दोनच्या मध्ये दहा घरं होती, आणि काटा आठव्या आणि नवव्या रेघेच्या मध्ये होता. म्हणजे १.८ ते १.९ बार. दोन्ही साक्षी जुळल्या, वाचन पक्कं झालं.

आता त्या जुळण्याचा हिशोब. एक बार म्हणजे जवळजवळ साडेचौदा पाउंड, अगदी नेमकं १४.५०४. साडेचौदानं गुणणं अवघड वाटतं, म्हणून माझी रीत अशी: बारला पंधरानं गुणायचं आणि त्यातून बारचा निम्मा आकडा वजा करायचा. २.७ ला पंधरानं गुणलं की साडेचाळीस. २.७ चे निम्मे १.३५. साडेचाळीसातून ते गेले, उरले ३९.१५. म्हणजे स्टिकर मागत होता एकोणचाळीस पाउंड आणि चाकात होते सत्तावीस. बारा पाउंड कमी. लागणाऱ्या दाबाच्या तीन हिश्श्यांपैकी जवळजवळ एक हिस्सा नाहीच, आणि वरून गाडी पूर्ण भरलेली.

उलट जायचं असेल, म्हणजे पाउंडांवरून बार काढायचे असतील, तर सातनं गुणून शंभरानं भागा. सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद, म्हणजे १.८९. नेमकं उत्तर १.८६ आहे. ही रीत किंचित जास्त दाखवते, पण काटा कोणत्या दोन रेघांच्या मध्ये असायला हवा हे तपासायला ती पुरते.

भाचीचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मामा, एकोणचाळीस म्हणजे फारच होतं ना? सगळे तीस-बत्तीस भरतात." तिच्याच गाडीच्या स्टिकरवर दोन ओळी होत्या. दोन-तीन माणसं असतील तर पुढे २.३ आणि मागे २.१; गाडी भरलेली असेल तर पुढे २.५ आणि मागे २.७. रोज ऑफिसला एकटी जाताना ती पहिल्या ओळीत असते, म्हणून तिच्या डोक्यात तीस बसले होते. मागच्या बाकावर तीन माणसं आणि डिकीत पेट्या आल्या की बहुतेक वाढीव भार मागच्या चाकांवर येतो. गाडी बनवणाऱ्यानं तो धरूनच दुसरी ओळ छापलेली असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यानं आत उष्णता साठते, आणि घाटात भरधाव किंवा लांबच्या सलग रस्त्यावर हीच उष्णता टायरचे थर सोडवते. स्टिकर कुठे असतो ते बऱ्याच जणांना माहीत नसतं: ड्रायव्हरचं दार उघडलं की दाराच्या खांबावर, नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत.

टायरच्या बाजूवर उठावात लिहिलेला आकडा हा तो नव्हे. तिथे 350 kPa आणि 51 PSI असं काहीतरी असतं. शंभर किलोपास्कलचा एक बार, म्हणजे ते साडेतीन बार झाले. तो टायर जास्तीत जास्त किती हवा धरू शकतो तो आकडा आहे. तो टायर कोणत्या गाडीला बसवणार हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसतं. भरायची हवा गाडी ठरवते.

फोटोवर विश्वास ठेवण्याआधी मी तिच्याकडून आणखी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, गेज चाकावरून काढून, हवा सोडायचं बटण दाबून रिकाम्या गेजचा फोटो. अशा गेजमध्ये काटा वाचन धरून ठेवतो, म्हणून बटण न दाबता दुसरं चाक मोजलं तर आधीच्या चाकाचा आकडा उरलेला असू शकतो. आणि रिकामा असताना काटा शून्यावर बसला नाही, तर गेज कधीतरी जमिनीवर आपटलाय असं समजावं. दुसरी, फोटो समोरून काढ. काटा तबकडीच्या थोडा वर असतो, त्यामुळे बाजूनं पाहिलं की तो खऱ्या जागेच्या अलीकडे-पलीकडे दिसतो. फोटोत हे ओळखणं सोपं आहे: तबकडी गोल दिसत असेल तर ठीक, लांबट अंड्यासारखी दिसत असेल तर दुसरा फोटो काढायचा. तिच्या दुसऱ्या फोटोत काटा शून्यावर होता आणि तबकडी गोल. गेज चांगला होता.

आपल्याकडच्या बऱ्याच गेजवर आतली पट्टी बारची नसून किलोची असते, kg/cm² असं लिहिलेली. अक्षरं वाचता येत नसतील तर साठपर्यंतच्या तबकडीवर एक खूण पाहा. आतला चार बाहेरच्या ५८ ला, म्हणजे साठच्या बरोबर एक घर अलीकडे असेल तर ती पट्टी बारची. चार सत्तावन्नच्या जवळ, दीड घर अलीकडे असेल तर किलोची. दोन्हींत फरक दोन टक्क्यांचा आहे. २.७ बारऐवजी २.७ किलो भरले तर पाउंडभरसुद्धा कमी पडत नाही. त्यामुळे गाडीच्या चाकासाठी त्यात फार अडकायची गरज नाही.

पेट्रोल पंपावरच्या मशीनचा फोटो मात्र जपून वाचावा. त्यावरचे लाल आकडे आपल्या डोळ्यांना अखंड दिसतात, पण ते सतत लुकलुकत असतात. कॅमेरा त्यातला एक क्षण पकडतो, आणि मग आठातली एखादी कांडी गायब होऊन शून्य किंवा सहा दिसतो. दोन-तीन फोटो काढा, नाहीतर दोन सेकंदांचा व्हिडिओ.

ती त्याच रात्री सहा किलोमीटरवरच्या पंपावर गेली, मशीनवर ३९ लावून मागची दोन्ही चाकं भरून आली. पहाटे निघताना मीच सांगितलं होतं म्हणून पुन्हा मोजलं, आणि फोटो आला: सदतीसच्या जरा पुढे. "पंपवाल्यानं कमी भरली का?" नाही. तिथे पोचेपर्यंत चाकं तापली होती. स्टिकरवरचा आकडा थंड चाकाचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असताना मोजलेल्या हवेचा.

हे आकड्यांत बसवून पाहू. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते दाखवतो. म्हणूनच फुटलेल्या टायरवर तो शून्य दाखवतो, आत हवा असूनही. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पाउंड, पुण्यात थोडा कमी. तो मिळवला की आतला खरा दाब सुमारे ५३ पाउंड. आतली हवा दहा अंशांनी थंड झाली तर हा दाब साधारण तिसाव्या हिश्श्यानं उतरतो, कारण हवेचं तापमान इथे निरपेक्ष शून्यापासून मोजायचं, आणि ते आपल्याकडे तीनशेच्या आसपास असतं. त्रेपन्नचा तिसावा हिस्सा पावणेदोन पाउंड. एकोणचाळीसचे सदतीसच्या जरा पुढे झाले ते असे.

याच कारणानं लांब चालून आलेल्या गाडीचं चाक जास्त दाखवतंय म्हणून हवा सोडू नये. थंड झाल्यावर ते कमी पडेल. तिनं वाटेतल्या पहिल्याच, घरापासून दीड किलोमीटरवरच्या पंपावर दोन पाउंड वाढवले आणि तबकडीचा शेवटचा फोटो पाठवला. काळ्या पट्टीवर ३९, लाल पट्टीवर २.७.

परत आल्यावर, माणसं आणि सामान उतरलं की मागची चाकं पुन्हा २.१ वर आणायची, सकाळी, गाडी हलवण्याआधी. किती पाउंड ते मी तिलाच काढायला सांगितलं. २.१ ला पंधरानं गुणून साडेएकतीस, त्यातून १.०५ वजा. तिनं उत्तर पाठवलं, साडेतीस.