मक्याच्या दाण्याएवढं

(दृश्य : व्हॅटवर, म्हणजे स्टीलच्या मोठ्या टाकीवर झुकलेली चीजमेकर ताई. तिची तर्जनी पांढऱ्या थरात शिरते.)

गोरेगावातला एक औद्योगिक गाळा. शेजारी प्लास्टिकच्या मोल्डिंगचं काम चालतं, समोर पुठ्ठ्याचे खोके बनतात. मधल्या गाळ्यात शंभर लिटर गाईचं दूध आता दूध राहिलेलं नाही. दूध घट्ट गोठवणारं रेनेट घालून चाळीस मिनिटं झाली आहेत. दूध पहाटे आलं, पाश्चराइज झालं, बत्तीस अंशांवर आणून त्यात विरजण घातलं गेलं. आम्ही पोहोचेपर्यंत हे सगळं आटोपलं होतं. त्यामुळे आपली गोष्ट या बोटापासून सुरू होते.

बोट तिरकं घालून वर उचललं की थर सरळ रेषेत फाटला पाहिजे, आणि त्या फटीत साचणारं पाणी हिरवट-पिवळं, नितळ दिसलं पाहिजे. पाणी दुधाळ आलं तर अजून थांबायचं. घाई करून कापलं तर लोणी आणि प्रथिनं त्या पाण्याबरोबरच वाहून जातात. या पाण्याला पुस्तकात निवळी म्हणतात, गाळ्यात सगळे व्हेच म्हणतात. आणि या थराला दही कुणी म्हणत नाही. तो कर्ड.

(दृश्य : तारांची चौकट कर्डमधून सरकते. वरून घेतलेला शॉट, आवाज बंद.)

आधी उभ्या तारा, मग आडव्या. आम्ही हे तीन वेळा चित्रित केलं आणि तिन्ही वेळा कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

श्रीखंडासाठी चक्का बांधणाऱ्या घराला पाणी काढणं नवं नाही. फडक्यात बांधायचं, खुंटीला टांगायचं, रात्रभर गळू द्यायचं. चीजचा मार्ग वेगळा आहे. इथे कर्डचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा आपल्या पृष्ठभागातून पाणी सोडतो. दोन सेंटिमीटरचा एक घन घ्या. तो तिन्ही बाजूंनी मधोमध कापला की एक-एक सेंटिमीटरचे आठ घन होतात. कर्ड तेवढंच, पण पाणी सुटायची जागा दुप्पट झाली. शिवाय दाण्याच्या गाभ्यातल्या पाण्याला बाहेर यायला अंतर निम्मंच उरलं.

म्हणून आकारावरून जात ठरते. कामांबेरसारख्या मऊ चीजचं कर्ड मोठमोठ्या तुकड्यांत किंवा पळीनेच साच्यात उतरवतात, आणि तयार चीजच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला इटलीचं पार्मेजान. त्याचं कर्ड तांदळाच्या कणीइतकं बारीक करतात आणि पंचावन्न अंशांपर्यंत तापवतात. आज इथे बनतंय ते फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या टॉम नावाच्या चीजच्या पद्धतीचं, मधलं. दाणा हवा मक्याएवढा.

ताईच्या तळहातावर बघा. एक दाणा मक्याएवढा, एक वाटाण्याएवढा, आणि एक चक्क सुपारीएवढा. ती सुपारी ती पुन्हा कापते. सगळे दाणे सारखे नसले तर बारीक दाणे कोरडे पडतात, मोठे ओले राहतात, आणि एकाच चकतीत दोन चीज तयार होतात.

(दृश्य : व्हॅट शांत. घड्याळ. पाच मिनिटं.)

कापल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही. ताज्या कापलेल्या कडा नाजूक असतात, त्यांच्यावर पातळशी साय धरू द्यायची. मग ढवळणं सुरू, आणि त्याबरोबर तापवणं.

आता या थर्मामीटरकडे लक्ष द्या. आमच्या मते या गाळ्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच आहे. चीज दाबायचा प्रेस आणि सुंदर लाकडी फळ्या त्यानंतर.

बत्तीसवरून अडतीसवर जायचंय. फक्त सहा अंश. आणि त्याला ताई पस्तीस ते चाळीस मिनिटं घेते. व्हॅटला बाहेरून गरम पाण्याचं वेष्टण आहे, त्याचा नळ ती बोटभर उघडते, बंद करते, पुन्हा उघडते. ऊब वाढली की कर्डमधलं प्रथिनांचं जाळं आक्रसतं आणि पोटातलं पाणी बाहेर ढकलतं. विरजणातले जिवाणू आंबटपणा वाढवत असतात, त्यानेही जाळं आवळतं. पण हे सगळं हळू व्हायला हवं.

का, ते ताईकडे फ्रीजमध्ये जपून ठेवलं होतं.

(दृश्य : उन्हाळ्यातली चकती, मधोमध कापलेली.)

ही मे महिन्यातली. त्या दिवशी गरम पाण्याचा नळ जास्त उघडला गेला आणि सहा अंश दहा मिनिटांत चढले. चुलीवरच्या कुणाही बाईला कळेल असं झालं. तेल फार तापलं की कांदाभजी बाहेरून करपते आणि आत पीठ कच्चं राहतं. दाण्यांची बाहेरची साय रबरासारखी घट्ट झाली आणि पाणी आतच कोंडलं. ढवळताना हे दिसत नाही. दाणा दोन बोटांत धरून फोडला तर कळतं : बाहेरचा पापुद्रा तटकन फाटतो आणि आतून खिरीसारखं मऊ काहीतरी निसटतं. त्या दिवशी कुणी दाणा फोडून पाहिला नाही.

उलट, ओली दिसते म्हणून प्रेसवर वजन वाढवलं गेलं.

(दृश्य : प्रेस. वजनं. फडक्यातून टपटपणारे थेंब.)

प्रेसबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हाच. वाटतं की दाबलं की पाणी निघतं. निघतं, पण मुख्यतः दाण्यांच्या मधल्या फटींतलं. दाण्याच्या पोटातलं पाणी किती राहणार, हे व्हॅटमध्येच ठरून गेलेलं असतं. प्रेसचं खरं काम दाण्यांना एकमेकांना चिकटवणं आणि चकतीला गुळगुळीत, बंद पाठ देणं. सुरुवातीलाच भारी वजन टाकलं तर उलटंच होतं : बाहेरचा थर आवळून बंद होतो आणि आतल्या निवळीला वाट उरत नाही.

आज ताई आधी हलकं वजन ठेवते. पंधरा मिनिटांनी चकती काढून फडकं बदलते, उलटी करते, वजन थोडं वाढवते. पुन्हा उलटी. फडक्याच्या सुरकुत्या हाताने ताणून सरळ करते, नाहीतर त्याच पाठीत चरे पडतात आणि बुरशी तिथे घर करते.

मेच्या चकतीचं पुढे काय झालं? पाण्याबरोबर दुधातली साखरही आत राहिली, जिवाणूंनी तिचं आम्ल केलं, मधला भाग खडूसारखा पांढरा, आंबट आणि ठिसूळ झाला. चार चकत्या टाकून द्याव्या लागल्या.

(दृश्य : व्हॅटमध्ये हात. मूठ.)

प्रेसकडे जाण्याआधी मात्र ही मूठ. अडतीस अंशांवर थोडा वेळ ढवळून झालं की ताई मूठभर दाणे उचलते आणि दाबते. मूठ उघडल्यावर गोळा धरला पाहिजे, आणि अंगठ्याने हलकेच घासला की दाणे पुन्हा सुटे झाले पाहिजेत. चिकटून लगदा राहिला तर अजून ढवळायचं. गोळाच धरला नाही तर वेळ निघून गेली, चीज कोरडं होणार.

पहिल्या मुठीला लगदा आला. दहा मिनिटं आणखी. मदतनीस मामांनी विचारलं, "ताई, नळ थोडा वाढवू का?"

"नको मामा. राहू द्या."

दुसऱ्या मुठीत दाणे सुटले. नळी खाली सोडली गेली, आणि हिरवट-पिवळं पाणी बादल्यांमध्ये पडू लागलं.