निष्कर्ष खरा असू शकतो, पण तो निघतो का?

आज मी एका टिपणाबद्दल बोलणार आहे. तर्कक्षमतेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या सरावपत्रिका मी तपासतो. ‘विधाने आणि निष्कर्ष’ या प्रकारात, म्हणजे दिलेली विधानं खरी मानून त्यांवरून निष्कर्ष निघतो का हे ठरवायच्या प्रश्नांत, तिचे गुण वाढता वाढत नव्हते. पत्रिकांचा गठ्ठा एकत्र मांडून पाहिला, तेव्हा त्याच त्या चुका वेगवेगळ्या प्रश्नांतून परत येताना दिसल्या, म्हणून मी तिला त्यांचं एक टिपण लिहून दिलं. तिच्या परवानगीने ते तुमच्यापुढे उलगडतो आहे, कारण या चुका तिच्या एकटीच्या नाहीत.

तपासणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगतो. अशा पत्रिकेत उत्तर बरोबर की चूक एवढं पाहून फारसं काही कळत नाही. चार पर्यायांतला बरोबर पर्याय चुकीच्या वाटेनेही सापडतो. मी आधी समासातली, विधानातल्या प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ काढलेली आकृती बघतो. तिने वर्तुळं कशी काढली, किती काढली आणि कुठे थांबली, यात चूक दिसते.

टिपणातला पहिला आणि सर्वात मोठा मुद्दा तिच्याच एका प्रश्नावर आहे. विधाने अशी होती: सर्व वह्या कागद आहेत. काही कागद पिवळे आहेत. निष्कर्ष: काही वह्या पिवळ्या आहेत. तिने ‘निष्कर्ष निघतो’ असं लिहिलं होतं. समासात कागदाचं मोठं वर्तुळ होतं, त्याच्या आत वहीचं लहान वर्तुळ, आणि पिवळ्याचं वर्तुळ दोघांनाही छेदून गेलेलं. ही आकृती चुकलेली नाही. दोन्ही विधानं तिच्यात खरी आहेत. पण विधानांना मान्य असलेल्या अनेक आकृत्यांपैकी ती फक्त एक आहे. पिवळ्याचं वर्तुळ थोडं बाजूला सरकवलं, म्हणजे कागदाच्या वर्तुळात शिरेल पण वहीला स्पर्श करणार नाही इतकं, तरी ‘काही कागद पिवळे आहेत’ हे विधान खरंच राहतं. निष्कर्ष मात्र कोसळतो. म्हणून तो निघत नाही.

तिला मी असं लिहिलं: ‘तू दर वेळी स्वतःला विचारतेस, की हा निष्कर्ष विधानांबरोबर नांदू शकतो का? प्रश्न तो नाही. सगळी विधानं खरी ठेवून निष्कर्ष खोटा पाडता येतो का, हे विचार. पाडता आला तर तो निघत नाही. कितीही प्रयत्न करून पाडता आला नाही, तरच तो निघतो.’ ‘निघतो’ म्हणजे विधानं खरी असताना निष्कर्ष खोटा असणं अशक्यच. तिची पहिली आकृती नेहमी निष्कर्षाच्या बाजूने झुकलेली असायची, कारण निष्कर्ष वाचून मग ती आकृती काढायची. आता निष्कर्ष हाताने झाकून आधी विधानांची आकृती काढायची, मग हात उचलायचा आणि निष्कर्ष मोडणारी दुसरी आकृती शोधायची, असा क्रम मी तिला घालून दिला.

हाच प्रश्न जरा उलटा करू. काही वह्या कागद आहेत. सर्व कागद पिवळे आहेत. निष्कर्ष तोच: काही वह्या पिवळ्या आहेत. आता तो निघतो. ज्या वह्या कागद आहेत, त्या पिवळ्याच्या वर्तुळाबाहेर ठेवायला जागाच उरलेली नाही, कारण कागदाचं अख्खं वर्तुळ पिवळ्याच्या आत आहे. शब्द तेच असूनही निकाल उलटला. फरक मधल्या दुव्यात, म्हणजे ‘कागद’ या शब्दात आहे. पहिल्या जोडीत ‘कागद’ दोन्ही वेळा अपुरा येतो: सर्व वह्या कागद आहेत यातून सगळ्या कागदांबद्दल काहीच कळत नाही, आणि दुसरं विधान तर काही कागदांपुरतंच आहे. दुसऱ्या जोडीत ‘सर्व कागद’ असं संपूर्ण विधान मिळतं. दोन्ही विधानांना जोडणारा शब्द एकदा तरी संपूर्ण आलेला नसेल, तर साखळी तुटलीच. पण तो संपूर्ण आला म्हणजे काम झालं, असंही नाही. ‘सर्व कागद वह्या आहेत, एकही कागद पिवळा नाही’ यात कागद दोन्हीकडे संपूर्ण आहे, तरी ‘एकही वही पिवळी नाही’ हे निघत नाही. कागद नसलेल्या वह्या पिवळ्या असू शकतात. म्हणून हा नियम चूक हेरण्यापुरता वापरावा. निर्णय आकृतीवरच घ्यावा.

दुसरी चूक ‘काही’ या शब्दाची. ‘काही खुर्च्या लाकडी आहेत’ यावरून ती हमखास ‘काही खुर्च्या लाकडी नाहीत’ असा निष्कर्ष काढायची. बोलण्यात आपण असंच ऐकतो. ‘काही मुलं आली’ म्हटलं की बाकीची आली नाहीत असं समजतो, कारण सगळी आली असती तर बोलणाऱ्याने ‘सगळी’ म्हटलं असतं. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे निदान एक, कदाचित सर्वही. सर्व खुर्च्या लाकडी असतील तरी ‘काही खुर्च्या लाकडी आहेत’ हे खरंच असतं.

याच्या शेजारची चूक म्हणजे विधान उलटं वाचणं. ‘सर्व वह्या कागद आहेत’ हे तिच्या मनात कधी ‘सर्व कागद वह्या आहेत’ होऊन जायचं, तिला पत्ताही लागायचा नाही. टिपणात मी एवढंच लिहिलं: ‘काही’चं होकारी विधान आणि ‘एकही नाही’चं विधान सरळ उलटता येतं. ‘सर्व’चं विधान उलटलं की ‘काही’वर उतरतं: सर्व वह्या कागद असतील तर काही कागद वह्या आहेत. ‘काही वह्या कागद नाहीत’ हे मात्र उलटतच नाही, त्यातून दुसऱ्या बाजूने काहीच मिळत नाही. इथे एक बारकावा आहे. ‘सर्व’वरून ‘काही’वर उतरताना आपण वह्या अस्तित्वात आहेत असं धरतो. आधुनिक तर्कशास्त्र तसं धरत नाही, परीक्षांच्या पत्रिका साधारणपणे धरतात. वरच्या वर्गात तर्कशास्त्र शिकलेला विद्यार्थी या एका जागी अडखळतो, त्याला हा संकेत आधीच सांगितलेला बरा.

तिसरी चूक मला सर्वात जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आकृती नीट काढणाऱ्यांनाही गाठते. सर्व पक्ष्यांना पंख असतात. सर्व कावळ्यांना पंख असतात. म्हणून सर्व कावळे पक्षी आहेत. तिने ‘निघतो’ लिहिलं, आणि समास कोराच होता. आता कावळ्याच्या जागी फुलपाखरू ठेवा. सर्व पक्ष्यांना पंख असतात, सर्व फुलपाखरांना पंख असतात, म्हणून सर्व फुलपाखरं पक्षी आहेत. रचना तीच आहे, पण आता कुणीही होकाराची मान हलवणार नाही. पहिल्या वेळी तिने निष्कर्ष तपासलाच नव्हता, तो जगात खरा आहे म्हणून मान्य केला होता. जोनाथन इव्हान्स, ज्युली बार्स्टन आणि पॉल पोलार्ड यांनी १९८३ साली याच गोष्टीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. विधानांतून न निघणारा निष्कर्ष पटण्यासारखा असेल, तर सुमारे ७१ टक्के वेळा तो स्वीकारला गेला. पटण्यासारखा नसेल, तर सुमारे १० टक्के वेळा. विश्वासाचा ओढा सर्वात जोरकस दिसला तो अशा न निघणाऱ्या निष्कर्षांवरच. निघणारे निष्कर्षही न पटणारे असले, तर बरेचदा नाकारले गेले. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: विचित्र शब्दांच्या प्रश्नांत विद्यार्थी आकृती काढतो आणि ओळखीच्या शब्दांच्या प्रश्नांत काढत नाही. उपायही तितकाच साधा. शब्दांच्या जागी क, ख, ग लिहायचे आणि मगच वर्तुळं काढायची. सर्व क ग आहेत, सर्व ख ग आहेत. ख आणि क यांची वर्तुळं ग च्या आत एकमेकांपासून दूर ठेवता येतात, हे मग लगेच दिसतं.

‘फक्त’ असलेल्या विधानांत ती दिशा चुकायची, तेवढं पटकन सांगतो. ‘फक्त सभासदांनाच आत प्रवेश आहे’ याचा अर्थ आत गेलेला प्रत्येक जण सभासद आहे. प्रत्येक सभासद आत गेला आहे, असा नव्हे.

दोन निष्कर्ष दिलेल्या प्रश्नांतल्या ‘दोहोंपैकी एक निघतो’ या पर्यायावर मात्र थांबायला हवं. निष्कर्ष एक: काही वह्या पिवळ्या आहेत. निष्कर्ष दोन: एकही वही पिवळी नाही. आपल्या पहिल्या प्रश्नातल्या विधानांवरून दोन्ही वेगवेगळे मोडता येतात, म्हणून ती ‘एकही निघत नाही’ लिहायची. पण दोन्ही एकाच वेळी मोडणारी आकृती काढून बघा, काढता येत नाही. एक खोटा पाडला की दुसरा आपोआप खरा होतो. म्हणून उत्तर ‘दोहोंपैकी एक’. हे शिकल्यावर ती अशी जोडी दिसली की लगेच तोच पर्याय निवडू लागली, तेव्हा टिपणात दोन अटी घालाव्या लागल्या. दोघांपैकी एक आधीच स्वतंत्रपणे निघत असेल, तर फक्त तोच निघतो. आणि ‘सर्व वह्या पिवळ्या आहेत’ व ‘एकही वही पिवळी नाही’ ही अशी जोडी नव्हे, कारण काही वह्या पिवळ्या आणि काही नाहीत असं असेल तर दोन्ही खोटी ठरतात.

टिपण दिल्यानंतरच्या पत्रिकांत पहिली चूक जवळजवळ गेली, पण तिच्या जागी नवी आली. ‘सर्व वह्या पिवळ्या असण्याची शक्यता आहे’ अशा निष्कर्षालाही ती मोडणारी आकृती शोधायची, ती सापडायची, आणि ती ‘निघत नाही’ लिहायची. शक्यतेच्या निष्कर्षात काम उलट होतं. तिथे विधानांना मान्य असलेली एकच आकृती निष्कर्षाच्या बाजूने मिळाली तरी पुरते. सर्व वह्या कागद आहेत, काही कागद पिवळे आहेत: वहीचं अख्खं वर्तुळ कागदाच्या आत, पिवळ्याच्या भागात बसवता येतं, म्हणून ही शक्यता निघते. ‘सर्व कागद वह्या असण्याची शक्यता आहे’ हेही निघतं, दोन्ही वर्तुळं एकावर एक बसवता येतात. ‘एकही वही कागद नसण्याची शक्यता आहे’ हे मात्र निघत नाही, ते पहिल्या विधानालाच छेद देतं. म्हणून टिपणाच्या खाली मी नंतर एक ओळ वाढवली: निष्कर्षात ‘शक्यता’ हा शब्द आहे का, ते आधी बघ आणि असेल तर त्याभोवती गोल कर; त्यावरून मोडणारी आकृती शोधायची की जमवणारी, ते ठरव.