लेग प्रेसवरचा अकरावा रेप: पाळी गेल्यानंतर व्यायाम आणि क्रिएटिन

[दृश्य: लेग प्रेस, पायांनी वजन ढकलायचं मशिन. गुडघे आणि मांड्या जवळून]

नऊ. दहा. इथे मांड्या थरथरायला लागल्यात. प्रशिक्षक शेजारीच उभी आहे, पण तिनं मशिनला अजून हात लावलेला नाही. अकरा. बारावा जमत नाही, सेट इथेच थांबतो.

या बाईंचं वय ६१, वजन ६० किलो. पाळी जाऊन दहा वर्षं झाली. आठवड्यातून तीन दिवस त्या इथे येतात. एक रेप म्हणजे वजन एकदा ढकलून परत आणणं. एखाद्या वजनाचे असे बारा रेप नीट जमले, की पुढच्या वेळी थोडं वजन वाढतं. वहीत तारीख, किलो आणि रेप लिहिलेले असतात. व्यायाम पुढे सरकतोय की नाही, हे या वहीतून लगेच कळतं.

[दृश्य: बाकावर बसलेल्या बाई, भिंतीवरचं घड्याळ]

आता दोन-तीन मिनिटं विश्रांती. एकदम जोर लावताना स्नायूतलं एटीपी नावाचं इंधन काही सेकंदांतच खर्च होतं. ते तिथल्या तिथे भरून देतं फॉस्फोक्रिएटिन. त्याचाही साठा दहाएक सेकंदांत बराच खाली येतो आणि अशा बसण्यात पुन्हा भरतो. हे फॉस्फोक्रिएटिन ज्यापासून बनतं, ते क्रिएटिन पावडरीतून घेतलं, की मुळात हा साठाच मोठा होतो. मग त्याच वजनावर एखाद-दोन रेप जास्त निघतात. महिनोन् महिने असे जादा रेप जमत गेले, की स्नायू वाढतो. म्हणून व्यायाम नसेल, तर नुसत्या पावडरीकडून फारशी आशा ठेवू नये.

[दृश्य: छोटा वजनकाटा, पांढरी पावडर, कोमट पाणी]

काट्यावर पाच ग्रॅम. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, कारण सर्वांत जास्त अभ्यास याच प्रकारावर झालाय. गार पाण्यात ते नीट विरघळत नाही, म्हणून पाणी कोमट. तरीही तळाशी कण राहतातच, ते पाणी घालून पिऊन टाकायचे. पहिल्या आठवड्यात रोज वीस ग्रॅम घेण्याची एक पद्धत आहे. त्यानं साठा लवकर भरतो, पण बऱ्याच जणींचं पोट बिघडतं. रोज पाच ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. सकाळी घ्या की रात्री, खास फरक पडत नाही. रोज घेणं महत्त्वाचं. सुरुवातीला वजनात किलोभर वाढ दिसू शकते, ते बहुतांशी स्नायूंत धरलेलं पाणी असतं.

[दृश्य: हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशिन, पडद्यावर खुब्याचं चित्र]

आता हाडांकडे. बाणाजवळ दिसतेय ती मांडीच्या हाडाची मान. पडल्यावर अनेकदा इथेच मोडतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाड झिजण्याचा वेग नवीन हाड तयार होण्याच्या पुढे जातो.

कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर व्यायाम आणि सोबत क्रिएटिन घेतलेल्या बायकांमध्ये या मानेची घनता १.२ टक्के घटली, व्यायामासोबत क्रिएटिन नसलेली, नुसती दिसायला तशी पावडर घेतलेल्यांमध्ये ३.९ टक्के. आशा वाढली. मग २०२३मध्ये मोठा अभ्यास आला: २३७ बायका, दोन वर्षं, वजनांचा व्यायाम आणि चालणं. डोस किलोमागे ०.१४ ग्रॅम, म्हणजे आपल्या या बाईंना रोज आठ ग्रॅमच्या थोडं वर. या वेळी घनतेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. डब्यावर 'हाडं मजबूत करते' असं लिहिलेलं दिसलं, तर हा अभ्यास आठवावा.

मात्र त्याच अभ्यासात मानेच्या सर्वांत अरुंद जागी हाडाच्या घडणीत फरक दिसला. तिथलं हाड वाकायला आणि दबायला जास्त विरोध करेल अशी ती घडण होती. क्रिएटिन घेतलेल्यांची चालही थोडी वेगवान झाली. फ्रॅक्चर त्यानं कमी होतात का, हे मात्र या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. ऑस्टिओपोरोसिसचं औषध चालू असेल, तर या पावडरीच्या भरवशावर ते बंद करू नये.

[दृश्य: रक्ततपासणीचा कागद, क्रिएटिनिनच्या ओळीवर बोट]

हा बाईंचा रिपोर्ट. क्रिएटिनिन आधी ०.८ होतं, आता १.० आहे. शरीरातल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज क्रिएटिनिन बनून लघवीवाटे जातो. साठा वाढला, की हा आकडाही थोडा चढू शकतो आणि मूत्रपिंड ठीक असूनही कागदावर बिघडल्यासारखं दिसतं. त्यामुळे क्रिएटिन घेतोय हे डॉक्टरांना तपासणीच्या आधीच सांगायचं. बाईंनी सांगितलं, म्हणून डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी ही दुसरी तपासणी लिहून दिली. तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. ती नॉर्मल आली. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आधीपासून आहे, त्यांनी डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय डबा उघडूच नये.