सोलरचं पाणी पाईपातच का निवते?

डिसेंबरची सकाळ, आर्वीकडचं एक गाव. बाहेर 12 डिग्री. स्लॅबवर सोलरची टाकी आहे, पाणी 60 डिग्री गरम आहे, पण न्हाणी पार मागच्या अंगणात, म्हणजे मधात 20 मीटर उघडा जीआय पाईप, पाऊण इंची. घरच्या काकू म्हणतात, "एकाची आंघोळ झाली का दुसऱ्याले पुन्हा अर्धी बादली थंडंच सोडा लागते."

आपल्याला वाटते पाणी वाहता वाहता थंड होते. तसं नाही. नळ मिनिटाला 5 लिटरनं चालू असला तर एवढ्या लांब उघड्या पाईपातही पाणी जेमतेम अडीच डिग्री उतरते. खरा घोळ नळ बंद केल्यावर होतो. या पाईपात 7 लिटर पाणी उभं राहते, आणि हवा पडलेली असली तरी दर मीटरमागे साधारण 45 वॅट उष्णता बाहेर जात असते. अर्ध्या तासानं तेच पाणी 34 डिग्रीवर येते, अंगावर घ्यायच्या कामाचं राहत नाही.

आता यावर काळा नायट्राईल फोम चढवू. फक्त 9 मिमी जाड. 45 वॅटचे 17-18 होतात आणि अर्ध्या तासानं पाणी 47 डिग्री मिळते, म्हणजे दुसऱ्याची आंघोळ आरामात होते.

मग 50 मिमी लावला तर? इथंच लोकांचे पैसे जातात. 19 मिमीला 12 वॅट, 25 ला साडेदहा, 50 ला साडेसात. पहिल्या 9 मिमीनं 27 वॅट वाचवले अन् 25 चे 50 केले तर वाचले फक्त 3. कांदा पाहा, बाहेरचं प्रत्येक साल आतल्यापेक्षा मोठं असते. तसंच फोमचा बाहेरचा थर मोठ्या घेरावर बसतो, माल जास्त लागतो, अन् उष्णतेला बाहेर पडायला जागाही मोठी मिळते, म्हणून तेवढ्याच जाडीचा अडथळा कमी पडतो. अशा बारीक पाईपाला 19 मिमी पुष्कळ झालं असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, रात्रभर उभं राहिलेलं पाणी कोणत्याच फोमनं गरम राहत नाही. 25 मिमी लावला तरी 10 तासांनी ते जवळपास हवेइतकंच थंड झालेलं असते, त्यामुळं सकाळचे पहिले 7 लिटर झाडालेच घालायचे.

अन् आपल्या उन्हाळ्यात उघडा फोम उन्हानं तडकते, चिरा पडतात, पावसाचं पाणी आत शिरते, ओला झाला की अडवायचं कामच सोडतो. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा नाहीतर उन्हात टिकणारा टेप पाहिजेच. लावून झालं की नळ चालू करून पूर्ण लांबीवर हात फिरवा. एल्बो अन् व्हॉल्वपाशी हाताला चटका बसला तर समजा, मिस्त्रीनं तेवढीच जागा उघडी सोडली.